पहिल्या शॉर्ट फिल्मचं बजेट: एक्सेलमध्ये काय सुटतं आणि कंटिन्जन्सी कुठे ठेवायची

प्रश्न: दादा, पहिली शॉर्ट फिल्म करतोय, १५ मिनिटांची. आजोबा, नात आणि त्यांची शेळी अशी गोष्ट आहे. भोरच्या पुढे एका गावात जुना वाडा मिळालाय, ३ दिवस शूट. हातात साडेतीन लाख आहेत. एक्सेल केलंय: कॅमेरा ३६ हजार, लाइट ३०, ॲक्टर ४०, डीओपी म्हणजे कॅमेरामन आणि टीम ४५, लोकेशन साउंड १८, जेवण १८, प्रवास १५, लोकेशन १५, एडिट-म्युझिक ४०. टोटल २ लाख ५७ हजार, म्हणजे ९३ हजार कंटिन्जन्सी उरते. पण सगळे म्हणतायत पुरणार नाही. काय सुटलंय? आणि कंटिन्जन्सी किती ठेवतात?

उत्तर:

आधी सरळ सांगतो, ते ९३ हजार कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवलेले पैसे, नाहीयेत. तो अजून न लिहिलेला खर्च आहे. तुझे आकडे चुकीचे नाहीत, पुण्यात ओळखीने काम केलं तर साधारण याच रेंजमध्ये मिळतं, पण प्रत्येक आकड्याच्या मागे जे येतं ते शीटमध्ये आलेलं नाही. मी खाली तुझंच शीट धरून चालतो. माझे आकडे उदाहरणाला आहेत, तुझी कोटेशनं आली की ती टाक, पण आयटम मात्र एकही काढू नकोस.

कॅमेरा आणि लाइटपासून सुरुवात करू कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच असते. रेंटलवाला फोनवर जो रेट सांगतो तो जवळजवळ नेहमी जीएसटी सोडून असतो. १८ टक्के वर लागतात आणि तुझं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल तर ते परत मिळत नाहीत, तो सरळ खर्चच. तुझ्या ३६ आणि ३० हजारांवर मिळून ११,८८० झाले. मग कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट येतो, तो रेंटलचा माणूस, त्याच्याशिवाय चांगला कॅमेरा कुणी बाहेर सोडत नाही आणि सोडूही नये, त्याची रोजची शिफ्ट तू द्यायची. लाइटबरोबर दोन लाइटमन, त्यांचंही तेच. रोज १,२०० धरले तर तीन माणसं तीन दिवस, १०,८०० झाले. ही माणसं युनिटमध्ये जेवणार, युनिटमध्ये राहणार, हे पुढे जेवणाच्या हिशोबात येईलच.

आता लाइट, स्टँड, ट्रॅक हे सगळं गाडीच्या डिकीत जात नाही, टेम्पो लागतो. आणि टेम्पो सोडून परत जात नाही, तिथेच थांबतो, त्यामुळे ड्रायव्हरसकट तीन दिवसांचं भाडं. रोजचे ४ हजार धर, १२ हजार. वर जनरेटर. तुझ्या स्क्रिप्टमध्ये अंगणातला रात्रीचा सीन असेल तर वाड्याच्या जुन्या वायरिंगवर मोठे लाइट ओढायचा विचारही करू नकोस. गावात व्होल्टेज संध्याकाळी पडतं, कारण तेव्हाच सगळ्या घरांतले दिवे आणि टीव्ही सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच तुला लाइट हवा असतो. छोटा जनरेटर एका रात्रीसाठी डिझेलसकट ८ हजार धरू. हे सगळं मिळून ४२,६८० रुपये झाले, आणि तुझ्या शीटमध्ये यातला एकही रुपया नाही. तुझ्या ९३ हजारांतले जवळपास निम्मे कॅमेरा आणि लाइटच्याच मागे गेले.

म्हणून कोटेशन मागताना 'रेट काय' एवढंच विचारू नकोस. एकाच मेसेजमध्ये पाच गोष्टी लेखी विचार: जीएसटी धरून किती, अटेंडंट किती आणि त्यांची शिफ्ट किती तासांची, शिफ्टच्या वर गेलं तर काय लागतं, सामान आदल्या संध्याकाळी उचललं तर तो दिवस मोजणार का, आणि डिपॉझिट किती. शिफ्टचं नीट समजून घे. बहुतेक ठिकाणी १२ तास धरतात, पुढे गेलं की अर्धी शिफ्ट जास्त लागते. बारा तास कुठून मोजायचे, रेंटलच्या गोडाऊनपासून की लोकेशनवर पोचल्यापासून, यावरून पॅकअपच्या वेळी जेवढी भांडणं होतात तेवढी क्वचितच कशावरून होत असतील. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण शूटच्या आठवड्यात ते पैसे अडकलेले असतात, त्यामुळे खर्चात नसले तरी त्या आठवड्याच्या कॅशमध्ये ते धरावेच लागतात.

आता जेवण. तुझे १८ हजार म्हणजे २० माणसं, ३०० रुपये, तीन दिवस असं धरलंय ना? २० जण म्हणजे तू व्हॉट्सॲप ग्रुपवरची माणसं मोजलीस. सेटवर जेवायला कोण कोण असतं बघ: तीन अटेंडंट, टेम्पो ड्रायव्हर, गाडीचा ड्रायव्हर, नातीचं काम करणाऱ्या मुलीची आई, शेळीचा मालक, वाड्याची किल्ली घेऊन बसलेले काका, पाणी भरायला आणि गर्दी मागे सरकवायला लावलेली गावातली दोन पोरं. काही जण दोन्ही वेळा नसतील तरी २६ पानं धरायलाच हवीत. आणि जेवण म्हणजे दोन वेळचं जेवण नाही. सकाळी सहाच्या कॉलला चहा आणि पोहे, दुपारचं जेवण, चारचा चहा-बिस्किट किंवा वडापाव, रात्रीचं जेवण, मध्ये दोन-तीन चहा, पाण्याचे जार. माणशी ४०० धरले तर तीन दिवसांचे ३१,२००, शिवाय आदल्या रात्री सेट लावायला गेलेल्या दहा जणांचं जेवण १,५००. म्हणजे १८ च्या जागी ३२,७००. गावातल्या बचतगटाच्या बायकांना किंवा लग्नाच्या स्वयंपाकाची सवय असलेल्या आचाऱ्याला काम दे, हॉटेलच्या डब्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि गरमही असतं. इथे मात्र काटकसर करू नकोस. पहिल्या फिल्मला अर्धी टीम कमी पैशात आलेली असते, त्यांना वेळेवर आणि पोटभर जेवण ही तुझी जबाबदारी आहे.

राहण्याचा आयटम तर शीटमध्येच नाही, बहुतेक 'गावात कुणाच्या तरी घरी करू' असं डोक्यात असणार. पुण्याहून रोज ये-जा केलीस तर सहाच्या कॉलला लोकांना चारला निघावं लागेल आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या अंगात त्राण उरणार नाही, शिवाय ड्रायव्हरचं जागरण घाटरस्त्यावर धोक्याचं आहे. युनिटमधल्या मुली, नातीचं काम करणारी मुलगी आणि तिची आई, आणि आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट यांना भोरमधल्या लॉजवर चार खोल्या दे, बाकीच्यांना मंगल कार्यालयाचा हॉल आणि गाद्या. खोलीला १,२०० आणि हॉलला रोज २ हजार धरून तीन रात्रींचे २०,४०० होतात. आणि एक गोष्ट रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला जाशील तेव्हाच बघ: सेटपासून चालत जाता येईल असं स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट. ते वाड्यात नसेल तर शेजारच्या घराशी आधीच बोलून, रोज सफाई करणाऱ्या माणसाचे पैसे लोकेशनच्या आयटममध्ये टाक. हे न बघता युनिटला, त्यातही बायकांना, बारा तास उभं करणं मला अजिबात पटत नाही.

इथपर्यंतच तुझ्या शीटच्या वर ७७,७८० झाले. ९३ हजारांतले १५ हजार उरलेत आणि अजून आर्ट, कॉस्च्युम, मेकअप, हार्ड डिस्क, परवानग्या, पूर्ण पोस्ट आणि फेस्टिव्हल बाकी आहेत.

आर्ट, कॉस्च्युम आणि मेकअपचे २५ हजार टाक. वाडा जुना आहे म्हणून आर्टचा खर्च नाही असं वाटतं, पण जुन्या वाड्यात पाण्याची निळी टाकी असते, डिश टीव्हीची छत्री असते, सनमायकाचं कपाट असतं, ते सगळं झाकायला नाहीतर हलवायला माणसं लागतात. नात चिखलात पडते असा सीन असेल तर तोच फ्रॉक किमान दोन लागतात कारण दुसऱ्या टेकला तो कोरडा हवा. इस्त्री, धुलाई, सेफ्टी पिना, दोऱ्या, टेप, सेल हे एकेक किरकोळ वाटतं पण रोज हजार-दीड हजार कधी जातात कळत नाही. त्याला 'कन्झ्युमेबल' म्हणून वेगळी ओळ कर. लोकेशन साउंडवाल्याला त्याच्या रेकॉर्डर-लेपलचे सेल कोण देणार हेही विचार.

हार्ड डिस्कचं जरा समजावून सांगतो कारण हा आयटम कॅमेऱ्याच्या एका सेटिंगवर ठरतो. डीओपी म्हणाला 'फोर-केमध्ये प्रोरेस ४२२ एचक्यूवर करू', तर २४ फ्रेमला तासाला साधारण ३१८ जीबी डेटा होतो. रोज दीड तास फुटेज धरलं तर दिवसाला पावणेपाचशे जीबी, तीन दिवसांत जवळजवळ दीड टीबी. आणि कॉपी कमीत कमी दोन हव्यात, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, दोन वेगळ्या गाड्यांत. म्हणजे दोन टीबीच्या दोन डिस्क, १४ हजार धर. साधी पोर्टेबल डिस्क सेकंदाला १२० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे एका दिवसाचं फुटेज एका डिस्कवर टाकायला तासाच्या वर, दोन डिस्कवर दोन तास, आणि कॉपी नीट झाली का ते तपासायचं वेगळंच. हे काम असिस्टंट डायरेक्टरने रात्री जेवता जेवता करायचं नसतं, त्यासाठी एक माणूस नेमून ठेवावा लागतो. तेच कॅमेऱ्यातल्या कॉम्प्रेस्ड टेन-बिट फॉरमॅटवर २०० एमबीपीएसला शूट केलं तर तासाला ९० जीबी, म्हणजे पावपेक्षा थोडंच जास्त. घरातल्या माणसांची साधी गोष्ट, त्यात व्हीएफएक्स नाही, मग मला तरी हेच पुरेसं वाटतं. पण हे डीओपी, एडिटर आणि कलरिस्ट तिघांना एकत्र बसवून ठरव. त्याच बैठकीत फ्रेमरेट २४ फिक्स कर, कारण पुढे थिएटरला लावायची फाइल म्हणजे डीसीपी बनवताना २५ वर शूट केलेलं असलं की साउंड-पिक्चर जुळवायचा फुकटचा उद्योग आणि खर्च वाढतो.

कागदपत्रांचे ५ हजार टाक, पण इथे पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. तुझ्या गोष्टीत तीन ठिकाणी कागद लागतात.

एक, नात. बालकलाकार असेल तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जिथे शूट आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी प्रोड्युसरने घ्यायची असते. मुलीला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि तिच्या मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावावर बँकेत फिक्स करावे लागतात. याचा बजेटवर परिणाम कळतोय का? तुझ्या जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये नात आहे, म्हणजे बारा तासांच्या शिफ्टमध्ये ती पाचच तास. तिचे क्लोज-अप आधी आणि आजोबांचे नंतर, असं शेड्यूल करावं लागेल, नाहीतर चौथा दिवस पदरात पडतोच.

दोन, शेळी. प्राण्याकडून फिल्ममध्ये काम करून घ्यायचं तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्यावी लागते, सोबत जनावरांच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. पुढे सेन्सॉरला गेलास तर हा कागद मागतातच. शेळी नुसती मागे बांधलेली दिसली तरी चालणार असेल तर स्क्रिप्टमध्येच तिचं काम कमी कर, पण परवानगीचा अर्ज तरी लवकर टाक, आठवड्यावर शूट आलं की काही होत नाही.

तीन, गाणं. अशा गोष्टीत आजोबांच्या रेडिओवर जुनं गाणं वाजायचा मोह होतोच, तुझ्या स्क्रिप्टमध्ये असेल तर आत्ताच काढ. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, रेकॉर्डिंगचा एकाचा आणि शब्द-चालीचा दुसऱ्यांचा. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो म्हणून लोक म्हणतात जुनं आहे, चालेल, पण शब्द आणि चालीचा हक्क कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुझ्या बजेटमध्ये दोन्ही लायसन्स बसणार नाहीत. त्यापेक्षा गावातल्याच एखाद्या आजींकडून पारंपरिक जात्यावरची ओवी गाऊन घे, तिथल्या तिथे रेकॉर्ड कर, त्यांना मानधन दे आणि परवानगीचा कागद सही करून घे. गोष्टीलाही ते जास्त शोभेल.

आता पोस्ट. 'एडिट-म्युझिक ४०' यात साउंड डिझाइन नाही, मिक्सिंग नाही, कलर नाही, सबटायटल नाहीत. एडिट २०, साउंड डिझाइन आणि मिक्स २५, डीआय म्हणजे कलर १५, म्युझिक १५, सबटायटल ४, डीसीपी ६ आणि पोस्टर ३, असे ८८ हजार होतात, म्हणजे तुझ्यापेक्षा ४८ जास्त. यात कापायचंच असेल तर म्युझिक काप, मिक्स कापू नकोस. लॅपटॉपवर ठीक वाटलेलं मिक्स थिएटरमध्ये लावलं की डायलॉग बुडतात आणि वाड्यातला घुमारा पुढे येतो. सबटायटल स्वतः करायला हरकत नाही पण दुसऱ्या, मराठी न येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घे. त्यातली भाषा कच्ची असली की तुझी फिल्म बाहेरच्या सिलेक्शनवाल्यांना कळतच नाही.

शेवटचा मोठा आयटम फेस्टिव्हल. फेस्टिव्हलना फिल्म पाठवायच्या फिल्मफ्रीवे या साइटवर बहुतेक एंट्रींना डॉलरमध्ये फी असते, लवकर भरली तर कमी, शेवटच्या तारखेला दुप्पटपर्यंत जाते, आणि कार्डवर बँकेचं करन्सी चार्ज वेगळं लागतं. २५ हजार टाक. पण भरण्याआधी यादी कर. आपल्याकडे पुण्याचा पिफ, मुंबईचा मिफ, केरळचा आयडीएसएफएफके, अशा ठिकाणांचे नियम आधी वाच, कुणाला किती लांबीची चालते, कुठल्या तारखेनंतर पूर्ण झालेली हवी. आणि यूट्यूबवर घाईने टाकू नकोस, काही फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

सगळं धरून बेरीज ४ लाख ५१ हजार ७८०. आणि यात कंटिन्जन्सी एक रुपयाही नाही.

आता कंटिन्जन्सी. साधारण पद्धत १० टक्क्यांची आहे, एकूण बजेटच्या. पहिली फिल्म, आउटडोअर, लहान मूल आणि जनावर असं एकत्र असेल तर मी १५ च्या बाजूने जाईन. पण टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं हे की तिच्यात काय येतं. जे होणार हे माहीत आहे ते कंटिन्जन्सीत टाकायचं नाही. जनरेटर लागेलसं वाटतंय तर तो आयटम आहे. ऑक्टोबरात शूट असेल आणि परतीचा पाऊस पडू शकत असेल, तर ताडपत्री आणि एक आतला पर्यायी सीन हा प्लॅन आहे. कंटिन्जन्सी म्हणजे मुलीला ताप आला, लेन्सला ओरखडा गेला, वाड्याच्या शेजारी अचानक कुणी गेलं आणि अर्धा दिवस थांबावं लागलं. आपण गावात पाहुणे असतो, अशा वेळी थांबायचंच असतं, आणि त्याचे पैसे कुठून तरी यायला हवेत.

कंटिन्जन्सीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव. आणि ते काढायचा अधिकार डायरेक्टरकडे नको, म्हणजे तुझ्याकडे नको. सेटवर तुला प्रत्येक शॉट जीवनमरणाचा वाटणार आणि तो तसा वाटायलाच हवा. ज्याच्या हातात हिशोब आहे त्या एका माणसाला हो किंवा नाही म्हणायचं ठरवून दे. दुसरा नियम, अर्धी कंटिन्जन्सी पॅकअपपर्यंत हात लावायची नाही. बहुतेक पहिल्या फिल्म शूटमध्ये अडत नाहीत, एडिट टेबलवर अडतात. एक सीन जुळत नाही, आजोबांचा एक डायलॉग डब करावा लागतो, एक इन्सर्ट परत घ्यावा लागतो, आणि तेव्हा खात्यात काही नसतं. मग फिल्म वर्षभर डिस्कवर पडून राहते.

हात लावायची वेळ येतेय हे पहिल्याच दिवशी दुपारी कळतं. सहाचा कॉल आणि पहिला शॉट साडेनऊपर्यंत लागला नसेल, किंवा जेवणाआधी दिवसाच्या कामाचा तिसरा हिस्साही झालेला नसेल, तर संध्याकाळी ओव्हरटाइम ठरलेलाच. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डीओपी आणि असिस्टंटबरोबर बसून उरलेल्यातले कुठले शॉट जोडता येतील ते ठरव, रात्री नऊला नको. रोज रात्री दहा मिनिटं काढून त्या दिवशी ठरवलेला आणि झालेला खर्च समोरासमोर लिही. कच्च्या बिलांचे फोटो त्याच वेळी काढ, चहावाल्याची चिठ्ठी तिसऱ्या दिवशी सापडत नाही.

तर साडेतीन लाखांत हे बसवायचं कसं? प्रत्येक आयटमला थोडी थोडी कात्री लावून बघितलीस तर सगळ्यांचं वाईट होईल आणि तरी बसणार नाही. मी एकच गोष्ट बदलेन, दिवस. १५ मिनिटांची स्क्रिप्ट १० ते ११ वर आण आणि दोन दिवसांत शूट कर, रात्रीचा अंगणातला सीन दिवेलागणीच्या वेळी घे किंवा खोलीत आण. एक दिवस गेला की कॅमेरा, लाइट, माणसं, जेवण, टेम्पो, राहणं, सगळ्यांवर एकदम परिणाम होतो, आणि युनिटही ड्रायव्हर धरून २२ माणसांवर बसव. मग शीट साधारण असं होतं:

कॅमेरा आणि लाइट, जीएसटी, अटेंडंट, टेम्पोसकट: ६७,१२०
डीओपी टीम, साउंड, ॲक्टर: ७०,०००
आर्ट, कॉस्च्युम, मेकअप, कन्झ्युमेबल: २०,०००
जेवण आणि राहणं: ३२,७००
प्रवास (रेकीच्या फेऱ्या धरून) आणि लोकेशन: २२,०००
डिस्क आणि कागदपत्रं: १४,०००
पोस्ट: ७५,०००
फेस्टिव्हल: १५,०००

एकूण ३,१५,८२०. उरले ३४,१८०, म्हणजे खर्चाच्या जवळपास ११ टक्के, आणि ही खरी कंटिन्जन्सी. मी वर १५ म्हणालो त्यापेक्षा कमी आहे, म्हणून शेळीचं काम नुसतं मागे बांधून ठेवण्यापुरतं कर आणि पावसाचे दिवस टाळून नोव्हेंबरात शूट ठेव, धोका तेवढा कमी होतो.

स्क्रिप्ट कापायला जिवावर येईल, कळतं मला. पण आधी प्रत्येक सीनसमोर किती शॉट आणि किती वेळ हे डीओपीबरोबर बसून लिही, मग कुठला सीन खरंच लागतो ते आपोआप दिसतं. वाड्याच्या रेकीला शूटच्याच वाराला आणि त्याच वेळेला जा. मंगळवारी दुपारी शांत असलेलं गाव रविवारी सकाळी देवळाचा भोंगा, पीठगिरणी आणि क्रिकेटने भरलेलं असतं, साउंडवाल्याला बरोबर ने. लोकेशनसाठी वाई-मेणवलीच्या मागे लागला नाहीस हे बरं केलंस, तिकडे सतत शूटिंग होतं त्यामुळे रेटही तसेच असतात.

आणि वाड्याच्या मालकाशी बोलताना भाड्याबरोबर हे लिहून घे: किती तास, कुठल्या खोल्या, वीजबिल कोण भरणार, काही तुटलं तर काय. शूटच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून त्यांनाच पाठव. दोन दिवसांनी तुळई आधीपासूनच फुटलेली होती की लाइट बांधताना फुटली, हा वाद त्या व्हिडिओने मिटतो. पॅकअपला परत तसाच व्हिडिओ काढ आणि त्यांच्यासमोरच हिशोब पूर्ण करून निघ.